लाइव्ह किती वाजता सुरू करायचं आणि किती वेळ चालवायचं? प्रेक्षकांच्या आलेखाला विचारा

23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी चांद्रयान-3 चंद्रावर उतरताना इस्रोच्या यूट्यूब लाइव्हवर एका क्षणी 80 लाखांहून अधिक प्रेक्षक हजर होते. हा आकडा तेव्हा सगळीकडे गाजला. त्या दिवशी प्रक्षेपण 5 वाजून 20 मिनिटांनी सुरू झालं आणि यान 6 वाजून 4 मिनिटांनी उतरलं. म्हणजे लोक येऊन स्थिरावायला पाऊण तास मिळाला आणि मुख्य क्षण त्यानंतर आला.

तिथं क्षण आधीच ठरलेला होता. दर आठवड्याला लाइव्ह करणाऱ्या शिक्षकांना, कीर्तनकारांना, शेती सल्लागारांना किंवा पाककृती दाखवणाऱ्यांना तो स्वतः ठरवावा लागतो. बहुतेक जण तो अंदाजानं ठरवतात: 'संध्याकाळी सात बरं पडेल, दीड तास घेऊ.' खरं तर प्रत्येक लाइव्ह संपल्यावर यूट्यूब एक आलेख देतं आणि सात बरं पडलं की नाही, दीड तास जास्त झाला का, हे त्यात दिसतं. तो वाचायचा कसा, एवढंच इथं पाहू.

## आलेखातली रेघ नेमकं काय मोजते?

या आकड्याला 'कॉन्करंट व्ह्यूअर्स' म्हणतात, म्हणजे या घडीला लाइव्ह उघडून बसलेले प्रेक्षक. पुढे आपण त्यांना हजर प्रेक्षक म्हणू.

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. या क्षणी पंगतीला किती माणसं बसली आहेत ही एक गोष्ट, आणि दिवसभरात किती पानं उठली ही दुसरी. 120 जण बसलेले दिसतात आणि संध्याकाळी आचारी सांगतो की 900 पानं उठली. दोन्ही आकडे खरे असतात. व्ह्यूज म्हणजे उठलेली पानं, हजर प्रेक्षक म्हणजे आत्ता बसलेली माणसं.

बसलेल्यांचा आकडा दोन गोष्टींवर ठरतो: दर मिनिटाला किती जण येतात आणि आलेला माणूस किती वेळ बसतो. रेघ चढते तेव्हा येणारे जास्त असतात, उतरते तेव्हा जाणारे. सपाट असते तेव्हा दोन्ही सारखे असतात, आणि फसगत इथंच होते. अर्धा तास 220 वर स्थिर असलेली रेघ पाहून वाटतं की तेच 220 जण मन लावून बसलेत. पण त्यातले शंभर जण उठून गेले आणि नवे शंभर आले असतील, तरी रेघ तशीच दिसते.

यातलं काय घडलं हे एका भागाकारानं कळतं. लोकांनी लाइव्ह चालू असताना पाहिलेली एकूण मिनिटं घ्या आणि त्यांना लाइव्हच्या व्ह्यूजनी भागा. दर व्ह्यूमागे माणूस सरासरी किती बसला ते निघतं. हे 25 मिनिटं निघालं आणि तुमची सपाट रेघ 40 मिनिटांची असेल, तर त्या काळात बरीच माणसं बदलली. मग दर पंधरा-वीस मिनिटांनी 'आता आलेल्यांसाठी सांगतो, आपण अमुक मुद्द्यावर आहोत' असं एक वाक्य बोलणं गरजेचं ठरतं. नाहीतर अर्ध्या लोकांना विषय मध्येच सुरू झाल्यासारखा वाटतो.

## वही घालून बसा

लाइव्ह चालू असताना हा आकडा यूट्यूबच्या 'लाइव्ह कंट्रोल रूम' या पानावर दिसत राहतो. संपल्यावर यूट्यूब स्टुडिओत `Content`, तिथं `Live`, मग त्या लाइव्हचं `Analytics` उघडलं की पूर्ण आलेख मिळतो. पण त्या आलेखाला एक गोष्ट ठाऊक नसते: त्या मिनिटाला तुम्ही काय करत होता.

म्हणून शेजारी एक माणूस वही घेऊन बसवा. चार रकाने पुरतात: घड्याळातली वेळ, लाइव्हचं कितवं मिनिट, हजर प्रेक्षक आणि त्या वेळी काय चाललं होतं. दर पाच किंवा दहा मिनिटांनी एक ओळ लिहायची. चौथा रकाना सगळ्यात मोलाचा आहे. '8:02, प्रश्नोत्तरं सुरू' किंवा '7:44, आवाज तुटला' अशी नोंद दोन आठवड्यांनी कोणाच्याच लक्षात राहत नाही.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, नाशिक आणि सांगली भागातल्या द्राक्ष बागायतदारांसाठी दर बुधवारी एक सल्ला-लाइव्ह होतं. काळ ऑक्टोबर छाटणीनंतरचा. डावणी रोगाची धास्ती, रोज बदलणारं हवामान, फवारणीचे प्रश्न. सुरुवात संध्याकाळी 7 वाजता, लांबी 90 मिनिटं. वहीतले आकडे असे (उदाहरणासाठी घेतलेले):

| वेळ | मिनिट | हजर प्रेक्षक |
|---|---|---|
| 7:00 | 0 | 40 |
| 7:10 | 10 | 150 |
| 7:20 | 20 | 210 |
| 7:30 | 30 | 225 |
| 7:40 | 40 | 220 |
| 7:50 | 50 | 215 |
| 8:00 | 60 | 205 |
| 8:10 | 70 | 140 |
| 8:20 | 80 | 110 |
| 8:30 | 90 | 90 |

## कोणता उतार खरा, कोणता नुसता खळबळाट?

7:30 ला 225 होते, 7:50 ला 215 झाले. काळजी करायची का? नाही. माणसं आपापल्या कारणानं येत-जात असतात, त्यामुळे आकडा थोडा हलतोच. किती हलला तर साहजिक, याचा सोपा अंदाज म्हणजे त्या आकड्याचं वर्गमूळ. 225 चं वर्गमूळ 15, म्हणजे दहा-पंधराचा चढउतार सोडून द्यायचा. 205 वरून दहा मिनिटांत 140 झाले, हे मात्र कुठल्याही हिशेबानं योगायोगात बसत नाही.

छोट्या चॅनेलना हा हिशेब जास्त लागतो. 16 जण हजर असतील तर चार जण जाणं-येणं हा निव्वळ योगायोग असू शकतो. त्यावरून वेळ बदलायला निघालात तर दर आठवड्याला नवी वेळ शोधत बसाल. अशा चॅनेलनी पाच-सहा लाइव्हचे आकडे मिनिटावार मांडून त्यांची सरासरी काढावी आणि मगच रेघेचा आकार पाहावा.

उताराची धारही पाहावी. कंटाळलेले लोक एकेक करून जातात, त्यामुळे रेघ घसरगुंडीसारखी उतरते. एका मिनिटात रेघ कड्यावरून कोसळल्यासारखी खाली आली आणि दोन-तीन मिनिटांत पुन्हा वर गेली, तर चित्र किंवा आवाज तुटला असं समजा. त्या लाइव्हचा तेवढा तुकडा हिशेबातून काढून टाका. भारताचा सामना, गणपती, मतमोजणी यांपैकी काही त्या दिवशी असेल, तर पूर्ण दिवसच वगळा.

## तीन घड्याळं, एकच उतार

आता मूळ प्रश्न. 8 वाजल्यानंतर 65 जण का गेले? या एका आलेखावरून ते कळूच शकत नाही, कारण त्या क्षणी तीन गोष्टी एकदम घडल्या. घड्याळात आठ वाजले, म्हणजे जेवणाची आणि मालिकेची वेळ झाली. लाइव्हला 60 मिनिटं झाली, म्हणजे लोक थकले असतील. आणि वहीच्या चौथ्या रकान्यात लिहिलंय की 8:02 ला प्रश्नोत्तरं सुरू झाली. दोष आठ वाजण्याचा, साठ मिनिटांचा की प्रश्नोत्तरांचा?

हे सोडवायला यातली एक गोष्ट हलवायची आणि उतार कोणाबरोबर सरकतो ते पाहायचं. बाकी काही बदलायचं नाही.

पहिली चाचणी सुरुवात अर्ध्या तासानं पुढे नेण्याची. 7:30 ला सुरू, तोच वार, तीच मांडणी, तीच लांबी. उतार पुन्हा 8 वाजताच आला, म्हणजे 30 व्या मिनिटाला, तर लोकांना घरचं घड्याळ खेचतंय. उतार सरकून 8:30 ला गेला, तर घड्याळ निर्दोष आहे. दहा मिनिटांचा बदल यासाठी फार थोडा, कारण दोन आलेख एकमेकांत मिसळून जातात. दोन तासांचा बदल फार मोठा, त्यात प्रेक्षकच वेगळे येतात.

नव्या वेळेचा पहिला आठवडा धरू नये. नेहमीच्या लोकांना सातची सवय असते, ते सातला येऊन परत जातात. पुढचे तीन आठवडे मोजा. समजा, आपल्या लाइव्हच्या त्या तीन आठवड्यांची सरासरी अशी आली:

| वेळ | मिनिट | हजर प्रेक्षक |
|---|---|---|
| 7:30 | 0 | 60 |
| 7:40 | 10 | 200 |
| 7:50 | 20 | 235 |
| 8:00 | 30 | 225 |
| 8:10 | 40 | 235 |
| 8:20 | 50 | 230 |
| 8:30 | 60 | 215 |
| 8:40 | 70 | 150 |
| 8:50 | 80 | 120 |
| 9:00 | 90 | 100 |

आठ वाजता दहा जण हलले आणि भरूनही आले. मोठी घसरण 60 व्या मिनिटानंतरच झाली, म्हणजे आठचं घड्याळ सुटलं. उरली दोन कारणं: थकवा आणि प्रश्नोत्तरं.

दुसऱ्या चाचणीत वेळ 7:30 च ठेवून एका आठवड्यात प्रश्नोत्तरं 40 व्या मिनिटाला आणा आणि राहिलेला विषय त्यानंतर घ्या. समजा, घसरण लगेच 42 व्या मिनिटाला सुरू झाली. मग कारण स्पष्ट आहे: लोक तासाभरात थकत नव्हते, प्रश्नोत्तरांना उठत होते. निफाडचा एक जण आपल्या प्लॉटमधल्या एका वेलीबद्दल पाच मिनिटं विचारत राहिला की तासगावातला दुसरा फोन खिशात घालतो. त्याची छाटणी वेगळ्या तारखेची, त्याची बाग वेगळ्या अवस्थेत.

पहिल्या चाचणीवरच थांबला असतात तर 'लाइव्ह एक तासाचंच ठेवा' असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता. लांबी निर्दोष होती, प्रश्न घेण्याची पद्धत चुकत होती.

## सुरुवातीची वेळ चढणीवरून ठरते

दोन्ही तक्त्यांची पहिली वीस मिनिटं शेजारी ठेवा. सातच्या लाइव्हला दोनशेचा आकडा गाठायला वीस मिनिटं लागली, साडेसातच्या लाइव्हला दहाच. शिखरातला फरक किरकोळ आहे, 225 आणि 235. चढणीतला फरक बोलका आहे.

कुठलंही लाइव्ह पहिल्या मिनिटाला भरत नाही. ते सुरू झाल्याची सूचना फोनवर जाते, माणूस ती पाहतो, हातातलं काम आटोपतो आणि मग येतो. पाच-दहा मिनिटांची चढण सगळीकडे असतेच. ती वीस-पंचवीस मिनिटं लांबली तर लोक यायला तयार आहेत पण त्या वेळी मोकळे नाहीत, असा अर्थ निघतो. सात वाजता कोणी संध्याकाळच्या धारा आटोपून दूध घालायला गेलेलं असतं, तर कोणी फवारणीचा पंप धूत असतं. त्यांना वेळ अर्धा तास लवकर पडत होती.

उलट चित्रही दिसतं. आकडा पाच मिनिटांत शिखरावर जातो आणि तिथूनच हळूहळू उतरायला लागतो. लोक आधीपासून वाट पाहत होते आणि त्यांच्याकडे वेळ थोडा होता. अशा वेळी सुरुवात पंधरा-तीस मिनिटं अलीकडे ओढून पाहावी.

चढणीच्या काळात काय बोलायचं हेही यातून ठरतं. साडेसातच्या लाइव्हमध्ये फवारणीचं वेळापत्रक दुसऱ्या मिनिटाला सांगितलं तर साठ-सत्तर जणांनाच ते मिळतं. बाराव्या मिनिटाला सांगितलं तर दोनशेहून अधिकांना. पहिली दहा मिनिटं पुढच्या आठवड्याच्या हवामानाला, बाजारभावाला द्या, म्हणजे लवकर आलेल्यांनाही काही मिळेल. 'अजून लोक येऊ द्या, मग सुरू करू' असं म्हणत बसणं मात्र वेळेवर आलेल्यांवर अन्याय आहे आणि ते पुढच्या वेळी उशिरा येतात.

शेतीच्या प्रेक्षकांसाठी आणखी एक गोष्ट जपावी लागते. कृषिपंपांची वीज अनेक भागांत आळीपाळीनं दिवसा आणि रात्री मिळते. रात्रीची पाळी असलेल्या आठवड्यात माणूस मोटर चालू करायला शेतात जातो. तुमचे प्रेक्षक एकाच परिसरातले असतील तर हा फेर आलेखात दिसतो. म्हणून दोन वेळांची तुलना करताना दोन्ही बाजूंना दोन्ही पाळ्यांचे आठवडे येतील असं बघा.

## लांबी ठरवताना सरासरीचा सापळा

आता हिशेबाची एक गंमत, जिच्यात जाणकारही अडकतात. रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे लोकांनी पाहिलेली एकूण मिनिटं. साडेसातच्या तक्त्यात दर दोन नोंदींची सरासरी काढून तिला दहानं गुणलं आणि सगळं मिळवलं, की 16,900 मिनिटं होतात. 90 नं भागलं की सरासरी हजर प्रेक्षक 188.

लाइव्ह साठाव्या मिनिटालाच संपवलं असतं तर? पहिल्या तासाची बेरीज 12,625 मिनिटं, सरासरी 210. सरासरी 188 वरून 210 झाली, छान वाटतं. पण त्यासाठी 4,275 मिनिटं, म्हणजे एकूण पाहण्याचा पाव भाग गेला. शेवटचा कमी गर्दीचा भाग कापला की सरासरी नेहमीच वाढते. त्यात सुधारणा काहीच झालेली नसते.

याउलट फक्त एकूण मिनिटं पाहिली तर लाइव्ह कधी संपवायलाच नको, कारण दोन माणसं उरली तरी बेरीज वाढत राहते. यूट्यूबच्या कमाईसाठी 12 महिन्यांत 4,000 तास पाहिले जाण्याची एक अट आहे. तिच्यापायी बरेच जण चार-चार तास ताणतात, शेवटचे दोन तास ओस जातात आणि नेहमीच्या प्रेक्षकाला पुढच्या वेळी सूचना आली तरी 'हे लांबण लावणार' असं वाटून तो ती सरकवतो.

म्हणून प्रश्न असा विचारा: शेवटच्या अर्ध्या तासात सरासरी 142 जण होते, तोच अर्धा तास दुसरीकडे वापरला तर जास्त लोकांच्या कामी येईल का? इथं वैयक्तिक प्रश्नांसाठी रविवारी सकाळी वेगळं अर्ध्या तासाचं लाइव्ह ठेवून बघता येतं. तिथं 142 च्या आसपास लोक टिकले तर बुधवारचं लाइव्ह कापणं योग्य. तिथं साठच आले तर बुधवारची शेपूट राहू द्यावी.

थांबायची खूण म्हणून एक ठोकताळा उपयोगी पडतो. सपाट भागाच्या दोन-तृतीयांशाखाली आकडा गेला आणि दहा मिनिटांत सावरला नाही, तर आवराआवर सुरू करा. आपल्या लाइव्हला ही रेषा 155 च्या आसपास येते. हा नियम नव्हे, पण चालू लाइव्हमध्ये विचार करायला वेळ नसतो तेव्हा असा एक आकडा समोर कागदावर लिहिलेला बरा.

## 'प्रेक्षक कधी ऑनलाइन असतात हे यूट्यूब दाखवतंच की!'

हो, दाखवतं. गेल्या 28 दिवसांत तुमचे प्रेक्षक कोणत्या तासाला यूट्यूबवर होते, हे गडद-फिकट पट्ट्यांत दिसतं. नव्या चॅनेलनी सुरुवात तिथूनच करावी. पण त्या पट्ट्या माणूस यूट्यूबवर आहे एवढंच सांगतात. रात्री साडेनऊला अंथरुणात पडून गाणी ऐकणारा शेतकरी तिथं गडद पट्टी करतो. तो त्या वेळी वही-पेन घेऊन तासभर फवारणी ऐकेलच असं नाही. तो किती टिकतो हे लाइव्हच्या आलेखातच दिसतं.

## 'नंतर रेकॉर्डिंग बघतातच, मग वेळेची एवढी चिंता कशाला?'

रेकॉर्डिंगचा प्रेक्षक वेगळा असतो. तो पुढे ढकलतो, त्याला हवं तेवढंच बघतो आणि त्याचा आलेखही वेगळा असतो. दोन्ही एकत्र करून वाचू नयेत. लाइव्ह 90 मिनिटांचं असलं तरी सहा तासांपेक्षा कमी लांबीचा व्हिडिओ स्टुडिओतल्या संपादकात छाटता येतो, तेव्हा सुरुवातीची गप्पांची मिनिटं रेकॉर्डिंगसाठी काढून टाका.

## 'आमचे प्रेक्षक परदेशातही आहेत'

मग एकच वेळ सगळ्यांना जमणार नाही, हे आधी मान्य करा. आपले रात्रीचे 8 म्हणजे दुबईत संध्याकाळचे 6:30. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे 10:30 आणि हिवाळ्यात 9:30, कारण तिथं घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं. मार्च आणि नोव्हेंबरात तुमचा आलेख अचानक बदलला तर विषयाला दोष देण्याआधी हे तपासा.

## पुढच्या बुधवारी काय बदलायचं?

सुरुवात 7:30, लांबी 75 मिनिटं. 7:40 पर्यंत हवामान आणि बाजार. 7:42 ला मुख्य विषय. प्रश्न मंगळवारी रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसह मागवायचे आणि छाटणीनंतरच्या दिवसांप्रमाणे त्यांचे तीन गट करायचे: पंधरा दिवसांच्या आतले, पंधरा ते तीस, आणि तिसाच्या पुढचे. 8:15 पासून एकेका गटाला सात-आठ मिनिटं द्यायची आणि गट सुरू करण्याआधी त्याचं नाव घ्यायचं, म्हणजे आपली पाळी कधी आहे हे प्रत्येकाला कळेल. 8:40 ला आवरतं घ्यायचं.

वहीत 8:15 ते 8:40 च्या मधले आकडे दर पाच मिनिटांनी लिहा. पहिल्या गटाला आकडा 200 च्या वर राहिला आणि तिसऱ्याला 150 च्या खाली गेला, तर पुढच्या आठवड्यात गटांचा क्रम उलटा करा. उतार तिसऱ्या गटाबरोबर अलीकडे सरकला, तर त्या अवस्थेतल्या बागा सध्या तुमच्या प्रेक्षकांत कमी आहेत. उतार 8:30 नंतरच आला, तर मात्र आता लांबीच कमी करायची वेळ आली आहे. आणि एप्रिल छाटणी आली की दिवस मोठा झालेला असतो, माणसं शेतात उशिरापर्यंत असतात. तेव्हा साडेसातची वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजा.